कॉर्ड पाठ करू नका, शेजारी ओळखा

गेल्या ख्रिसमसच्या तालमीत माझी चांगलीच फजिती झाली. आमच्या क्वायरला 'सायलेंट नाइट' बसवायचं होतं आणि गिटार माझ्याकडे होती. मी कॉर्ड नेटवरून उतरवून पाठ केले होते: सी, जी, एफ. तीनच कॉर्ड. मी अगदी निर्धास्त होतो. पण गाणं शेवटच्या चढावर आलं आणि मुलींचे आवाज फाटायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "अरे, खूप वर जातंय. जरा खाली घ्या ना."

एवढंच. पण या साध्या वाक्यानं सगळी तालीम बंद पडली. कीबोर्डवाल्यानं ट्रान्स्पोजचं बटण तीन वेळा खाली दाबलं आणि बोटं होती तशीच ठेवली. त्याची पट्टी उतरली, माझी तिथंच राहिली, आणि दोघांनी एकदम वाजवल्यावर जो काही आवाज निघाला तो विचारू नका. कोणीतरी मागून ओरडलं, "दादा, कॅपो लाव की!" पण कॅपो पट्टी वर नेतो, खाली आणत नाही. शेवटी त्या दिवशी गाणं पेटीशिवाय आणि गिटारशिवाय झालं.

घरी येऊन विचार केला, तेव्हा लक्षात आलं की मला तीन कॉर्ड येत होते, पण ते तीनच का, हे माहीत नव्हतं. माझं म्हणणं असं आहे की गिटार किंवा कीबोर्ड नव्यानं शिकणाऱ्याला गाण्यागणिक कॉर्डची यादी देणं ही उलटी सुरुवात आहे. त्याला आधी पंचमांचं वर्तुळ, म्हणजे 'सर्कल ऑफ फिफ्थ्स', स्वतःच्या हातानं काढायला लावावं. क्लासच्या भिंतीवर ते रंगीत चित्र बहुतेक ठिकाणी असतंच. पण ते शोभेला असतं, आणि "ते थिअरीवाल्यांसाठी आहे, नंतर बघू" असं सांगून त्याच्याकडे पाठ फिरवली जाते. मला ते पटत नाही. गंमत म्हणजे योहान डेव्हिड हाइनिखेन या जर्मन संगीतकारानं १७२८ साली ज्या पुस्तकात असं वर्तुळ छापलं, ते पुस्तक साथ करणाऱ्यांसाठीच होतं. म्हणजे हा साथीदाराचाच नकाशा आहे.

वर्तुळ काढायला इंग्रजी संज्ञांची गरज नाही. आपल्याकडे पेटीच्या पट्ट्यांना जी नावं आहेत, तीच घ्या. पांढरी एक म्हणजे सी. तिला सा धरा आणि तिचा पंचम शोधा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत सात पट्ट्या वर जा, की पांढरी पाच येते, म्हणजे जी. आता तिलाच सा माना आणि पुन्हा सात पट्ट्या वर जा. पांढरी दोन आली, म्हणजे डी. असंच करत गेलं की क्रमानं ए, ई, बी येतात. मग पाचही काळ्या पट्ट्या एकापाठोपाठ येतात, त्यानंतर पांढरी चार म्हणजे एफ, आणि तिचा पंचम पुन्हा पांढरी एक. बारा पावलांत आपण घरी परत. घड्याळाच्या बारा आकड्यांच्या जागी ही बारा नावं लिहा. वर बाराच्या जागी सी, एकच्या जागी जी, दोनच्या जागी डी, आणि शेवटी अकराच्या जागी एफ.

तंबोरा लावणाऱ्याला इथं एक शंका येईल आणि ती रास्त आहे. कानानं लावलेला शुद्ध पंचम बारा वेळा घेतला, तर शेवटचा सा पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही. साधारण पाव पट्टीएवढा चढा राहतो. पेटी, पियानो, गिटार यांच्यावर प्रत्येक पंचम केसभर उतरवून ही फट भरून काढलेली असते, म्हणून वर्तुळ मिटतं. आपल्या कामापुरतं एवढं पुरे.

आता वर्तुळ वाचायचं कसं? कुठल्याही घरावर बोट ठेवा. घड्याळाच्या दिशेनं पुढचं घर हा त्याचा पंचम, आणि उलट्या दिशेनं मागचं घर हा त्याचा मध्यम. सी वर बोट ठेवलं तर उजवीकडे जी, डावीकडे एफ. म्हणजे सा, प आणि म. तंबोऱ्याची पहिली तार आपण पंचमात किंवा मध्यमात लावतो, तेच हे दोन स्वर. सा चे सगळ्यात जवळचे शेजारी हेच, हे आपल्या कानाला नवीन नाही.

शेजारी म्हणायचं कारण नुसतं नात्याचं नाही, हिशेबाचं आहे. सी च्या सप्तकात सगळ्या पांढऱ्या पट्ट्या लागतात. जी च्या सप्तकातही त्याच लागतात, फक्त एफ च्या जागी एफ शार्प येतो. सातातले सहा स्वर सारखे, एकच बदलला. डावीकडे एफ च्या सप्तकातही सहा सारखे, फक्त बी च्या जागी बी फ्लॅट. डी पर्यंत दोन पावलं गेलात तर दोन स्वर बदलतात. जितकं लांब जाल, तितका परकेपणा वाढतो. म्हणूनच एखाद्या गाण्यात मधेच पट्टी बदलली आणि ती शेजारच्या घरात गेली, तर ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही. सी वरून एकदम समोरच्या एफ शार्पवर उडी मारली, तर दारं-खिडक्या बदलल्यासारखं वाटतं.

माझ्या तीन कॉर्डचं कोडंही इथंच सुटलं. मेजर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा, ग आणि प एकदम वाजवणं. सी च्या घरात उभं राहून तिन्ही कॉर्ड सरगममध्ये लिहून बघा. सी म्हणजे सा, ग, प. एफ म्हणजे म, ध, सा. जी म्हणजे प, नी, रे. तिन्ही मिळून सा, रे, ग, म, प, ध, नी, सगळे सात स्वर आले, एकही सुटला नाही. म्हणजे चालीत कुठलाही शुद्ध स्वर येवो, त्याला पोटात घेणारा एक तरी कॉर्ड या तिघांत असतोच. तीन कॉर्डवर शेकडो गाणी उभी राहतात ती यामुळे.

'सायलेंट नाइट' याच तिघांवर उभं आहे. १८१८ सालच्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेही गिटारच्या साथीवर. चाल फ्रान्झ झेव्हर ग्रुबरची. सहा मात्रांचे असे बारा बार धरले तर हिशेब सोपा आहे. पहिले दोन बार सी, तिसरा जी, चौथा पुन्हा सी. मग एफ आणि सी, पुन्हा एफ आणि सी. नवव्या बारात जी, दहाव्यात सी, अकराव्यात अर्धा सी आणि अर्धा जी, आणि बाराव्यात सी. सगळं गाणं घरातून निघतं, कधी उजव्या शेजाऱ्याकडे जाऊन येतं, कधी डाव्या. तिसऱ्या घरापर्यंत जातच नाही.

आता सिस्टरांचं "जरा खाली" बघू. ही चाल मध्य सा पासून तार सप्तकातल्या म पर्यंत जाते. अकरा स्वरांचा पल्ला, म्हणजे समूहगानाला बराच मोठा. पांढरी एकमध्ये गायलं तर तो तार म फारच वर पडतो. आमच्या मुलींचे आवाज नेमके तिथेच फाटत होते. तीन पट्ट्या खाली आणलं तर सा येतो ए वर, म्हणजे पांढरी सहावर, आणि वरचा म येतो डी वर. तो बहुतेकांना झेपतो.

मग कॉर्ड कोणते? वर्तुळावर सी पासून ए पर्यंत पावलं मोजा. जी एक, डी दोन, ए तीन. घड्याळाच्या दिशेनं तीन पावलं. आता प्रत्येक कॉर्डला तेवढीच तीन पावलं चालवा. एफ वरून सी, जी, डी, म्हणजे एफ चा डी झाला. जी वरून डी, ए, ई, म्हणजे जी चा ई झाला. संपलं. सी, एफ, जी यांच्या जागी ए, डी, ई. हे तिन्ही गिटारवर उघडे कॉर्ड आहेत, नवशिक्याच्या बोटांनाही जमतात. त्या दिवशी हे मला माहीत असतं तर पाच मिनिटांत तालीम पुढे गेली असती.

पण सिस्टर म्हणाल्या असत्या, "एवढं खाली नको, दोनच पट्ट्या," तर? मग सा येतो बी फ्लॅटवर, म्हणजे काळी पाचवर. सी वरून उलट्या दिशेनं एफ एक, बी फ्लॅट दोन. दोन पावलं डावीकडे. तसंच एफ चा ई फ्लॅट होतो आणि जी चा एफ. कीबोर्डवाल्याला यात विशेष त्रास नाही, पण गिटारवर हे बार कॉर्ड आहेत, नवशिक्याची बोटं दुखतात. इथं कॅपो कामाला येतो. पहिल्या घरात कॅपो लावा आणि ए, डी, ई चेच आकार वाजवा. आवाज बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि एफ चा येईल. म्हणजे कॅपो निरुपयोगी नाही, पण आधी वर्तुळावर खाली उतरता आलं पाहिजे, तरच तो वर घ्यायला मदत करतो.

यात चुका दोन ठिकाणी होतात, आणि त्या मी स्वतः केल्या आहेत. एक, ज्या घरात उभे आहोत त्यालाच 'एक' मोजायचं. मग सी, जी, डी अशी 'तीन पावलं' होतात आणि गाणं भलत्याच पट्टीत जातं. दुसरी, एखादा कॉर्ड घाईत उलट्या दिशेला चालवायचा. चूक ओळखायची खूण मात्र सोपी आहे. मूळ तीन कॉर्ड वर्तुळावर शेजारी-शेजारी होते, तर नवे तीनही शेजारी-शेजारीच असले पाहिजेत. डी, ए, ई शेजारी आहेत, हिशेब बरोबर. तिथं ई च्या जागी ई फ्लॅट आला असेल तर तो डी-ए च्या शेजारी नाही, कुठंतरी पाऊल चुकलं. गिटार हातात न घेता, कागदावरच चूक सापडते.

तीन कॉर्डनंतर पुढची पायरी चार कॉर्डची. वर्तुळाच्या आत आणखी एक छोटं वर्तुळ काढतात. त्यात प्रत्येक मेजरच्या खाली त्याचा जोडीदार मायनर लिहितात. हा जोडीदार मेजरच्या ध वर बसतो. सी च्या खाली ए मायनर, जी च्या खाली ई मायनर, एफ च्या खाली डी मायनर. दोघांचं सप्तक तेच, फक्त मुक्काम वेगळा. आता सी च्या घरात उभं राहून बाहेरचे तीन आणि आतले तीन असे सहा कॉर्ड एका पाकळीत दिसतात. सी मधल्या साध्या गाण्यांचा बहुतेक संसार याच सहांत चालतो.

आजकालच्या गाण्यांत सतत ऐकू येणारी चौकडी घ्या: सी, जी, ए मायनर, एफ. लांबलचक वाटते, पण वर्तुळावर बघा. तिन्ही शेजारी तेच, फक्त सी च्या खालचा जोडीदार मधे घुसला. तो खपतो कसा? ए मायनर म्हणजे ध, सा, ग. यातले सा आणि ग हे दोन स्वर सी मध्येही आहेत. जी नंतर कानाला घर अपेक्षित असतं, आणि मिळतो घराचाच उदास भाऊ. तीनपैकी दोन स्वर ओळखीचे, म्हणून परकं वाटत नाही, आणि सा च्या खाली ध आल्यानं मन भरत नाही, म्हणून गाणं पुढे सरकतं. हीच चौकडी ए मध्ये हवी असेल तर पुन्हा तीन पावलं: ए, ई, एफ शार्प मायनर, डी. मायनरही आतल्या वर्तुळावर तीनच पावलं चालतो.

दुसरी चाल घरी परतण्याची. इथं क्षणभर मेजर-मायनर विसरा आणि कॉर्डचं फक्त अक्षर बाहेरच्या वर्तुळावर शोधा. डी मायनर, जी, सी हा क्रम घ्या. डी, जी, सी ही अक्षरं घड्याळाच्या उलट एकेक पाऊल टाकत घरी येतात. आणखी लांबून निघायचं असेल तर ए मायनर, डी मायनर, जी, सी. जॅझवाल्यांचं आवडतं 'ऑटम लीव्ह्ज' सुरुवातीला ए, डी, जी, सी असंच उतरत जातं, फक्त त्याचा शेवटचा मुक्काम ई मायनरवर असतो. या उताराला ओढ कुठून येते? जी कॉर्डमध्ये नी असतो, आणि नी ची सा कडे धाव आपल्याला कोणी शिकवायला नको. त्यात म मिसळून जी सेव्हन केला, तर तो म खाली ग कडे झुकतो. दोन्ही स्वर अर्ध्या पावलावर असलेलं घर शोधतात. कागदावर पंचमानं डावीकडे सरकणं म्हणजे कानाला घरी येणं, हे एकदा समजलं की पुढचा कॉर्ड कोणता असेल याचा अंदाज यायला लागतो.

आमचे एक पेटी वाजवणारे काका हे ऐकून म्हणाले, "अरे बाळा, आधी कान तयार कर. कागदावर काय गाणं असतं?" त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. कॉर्ड नेमका कोणत्या मात्रेवर बदलायचा, हे वर्तुळ कधीच सांगत नाही. ते फक्त उमेदवार कोण ते सांगतं, निवड कानानंच करायची. पण सहांतून निवडणं आणि गिटारवरच्या शंभर आकारांतून चाचपडणं यात फरक आहे. कान तयार होण्यासाठीसुद्धा त्याला थोडक्यांतच शोधायला द्यावं लागतं.

आणि वर्तुळाच्या हद्दीही सांगितल्या पाहिजेत. मायनर गाण्यात त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. ए मायनरच्या गाण्यात पाकळीप्रमाणे ई मायनर येतो, पण घरी परतताना कान बऱ्याचदा ई मेजर मागतो, कारण ए कडे ओढणारा नी, म्हणजे जी शार्प, त्यातच असतो.

दुसरी हद्द आपल्या जास्त जवळची आहे. 'उपासना संगीत'मधली ना. वा. टिळकांची भजनं आपल्याकडे पेटी-तबल्यावर गायली जातात, आणि हल्ली हौसेनं त्यांच्यामागे गिटारही येते. चाल शुद्ध स्वरांची असेल तर ठीक. पण ती भैरव अंगाची असेल तर बघा काय होतं. भैरवात रे आणि ध कोमल. जी कॉर्ड म्हणजे प, नी आणि शुद्ध रे, तो गाणाऱ्याच्या कोमल रे ला सरळ टक्कर देतो. एफ कॉर्डमध्ये शुद्ध ध, तोही चालत नाही. दोन्ही शेजारी एकदम बाद. अशा वेळी गिटारवाल्यानं सा आणि प एवढेच दोन स्वर छेडत राहावं, म्हणजे तंबोऱ्याचं काम करावं. वर्तुळ माहीत असलेल्याला हे आधी कळतं. यादी पाठ केलेल्याला ते गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

म्हणून क्वायरच्या मंडळींना माझी एक सूचना आहे. या वर्षी तालमी सुरू होण्याआधी एक तास काढू. फळ्यावर प्रत्येकानं स्वतः, सात-सात पट्ट्या मोजत, वर्तुळ काढायचं. मग 'सायलेंट नाइट' आधी सी मध्ये, मग ए मध्ये, मग बी फ्लॅटमध्ये, कागद न बघता वाजवायचं. कीबोर्डवाल्यानं ट्रान्स्पोजच्या बटणाला हात लावायचा नाही. सिस्टर पुन्हा "जरा खाली घ्या" म्हणतील, हे नक्की. त्या वेळी मला फक्त विचारायचं आहे, "किती पट्ट्या, सिस्टर?"